कोड बरोबर असूनही लॉगिन होत नाही: फोनचं घड्याळ सरकल्याचं कसं ओळखायचं आणि ते कसं दुरुस्त करायचं

घरून ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करताना पासवर्ड चालतो, मग `Verification code:` असं विचारलं जातं. फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमधले सहा आकडे जसेच्या तसे टाकले तरी लॉगिन नाकारलं जातं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी एखादा कोड चालून जातो, त्यामुळे टाकतानाच काहीतरी चुकलं असेल असं वाटून विषय तिथेच सुटतो. काही आठवड्यांनी चुकण्याचं प्रमाण वाढतं आणि मग एक दिवस एकही कोड चालत नाही. अशी हळूहळू वाढत गेलेली तक्रार असेल, तर बहुतेक वेळा फोनचं घड्याळ मागेपुढे झालेलं असतं.

इथे उदाहरणासाठी `pam_google_authenticator` हे कोड तपासणारं मॉड्यूल बसवलेला लिनक्स सर्व्हर धरला आहे, कारण घरून काम करणाऱ्यांसाठी छोट्या ऑफिसांत हीच व्यवस्था बरेचदा असते. व्हीपीएन किंवा दुसरी कुठली यंत्रणा असली तरी फोनकडची बाजू तीच राहते.

कोड आणि घड्याळाचा संबंध

हे कोड इंटरनेटवरून येत नाहीत. क्यूआर कोड स्कॅन केला त्या दिवशी एक गुप्त किल्ली फोनमध्ये आणि सर्व्हरवर अशी दोन्हीकडे साठवली गेली. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक अक्षरही बोलत नाहीत. दोघंही आपापल्या घड्याळात बघतात, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते मोजतात, त्याला ३० ने भागतात आणि बाकी सोडून देतात. उरलेली पूर्ण संख्या आणि ती किल्ली यांच्यापासून सहा आकडे तयार होतात. ही पद्धत टीओटीपी या नावाने ओळखली जाते आणि २०११ च्या आरएफसी ६२३८ मध्ये ती लिहून ठेवलेली आहे.

म्हणजे फोनला सिग्नल नसला तरी कोड येतोच, आणि घड्याळ चुकलेलं असलं तरीही येतो. ॲप कुठलीही सूचना देत नाही, कारण आपली वेळ चुकली आहे हे त्याला कळायला मार्गच नसतो. तिथल्या तिथे बघितलं तर कोडशेजारचा मुदतीचा गोल फिरतोय, आकडे बदलतायत, सगळं ठीक दिसतं.

दोन घड्याळं सेकंदाला सेकंद जुळणार नाहीत आणि कोड टाकायलाही थोडा वेळ लागणार, हे धरून सर्व्हर थोडी सूट देतो. `pam_google_authenticator` मूळ मांडणीत तीन कोड मान्य करतं: आत्ताचा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा. त्यामुळे फोन ३० सेकंदांपर्यंत मागे किंवा पुढे असला तरी कोणाला काही जाणवत नाही. महिनोन्‌महिने झाकून राहिलेला दोष अचानक वर येतो तो यामुळेच. फरक रोज वाढतच होता, फक्त ३० सेकंदांची मर्यादा आता ओलांडली गेली.

कधी चालतो, कधी नाही, असं का

एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. १ जानेवारी २०२५ ला भारतीय वेळेनुसार पहाटे ५:३० वाजता वर सांगितलेली संख्या नेमकी ५७८५६३२० होती (त्या क्षणी यूटीसीप्रमाणे मध्यरात्र झाली होती). समजा, फोन ४० सेकंद मागे आहे.

सर्व्हरच्या घड्याळात ५:३१:३५ झाले असताना त्याची संख्या ५७८५६३२३ असते. फोनमध्ये तेव्हा ५:३०:५५ झालेले असतात, म्हणून त्याची संख्या ५७८५६३२१. फरक दोनचा. सूट एकाची, त्यामुळे कोड नाकारला जातो.

दहा सेकंद थांबा. सर्व्हरवर ५:३१:४५, संख्या अजून ५७८५६३२३ च आहे. फोनवर ५:३१:०५ झाले, नवा कोड आला आणि संख्या झाली ५७८५६३२२. फरक एकाचा, कोड चालला.

पहिल्या वेळी फोनवरचा कोड मुदत संपत आलेला होता, दुसऱ्या वेळी नुकताच बदललेला. ४० सेकंद मागे असलेल्या फोनवर प्रत्येक कोडचे शेवटचे १० सेकंद वाया जातात आणि पहिले २० चालतात. घाई न करता कधीही कोड टाकला, तर साधारण तीनांतला एक फसेल.

फोन ४० सेकंद पुढे असेल तर नेमकं उलटं होतं. नुकताच आलेला कोड सर्व्हरला अजून माहीतच नसतो, म्हणून पहिले १० सेकंद तो नाकारतो. तोच कोड जरा रेंगाळून टाकला की चालतो.

यातून एक सोपी परीक्षा मिळते, आणि तिला कुठलंही साधन लागत नाही. दोन वेळा लॉगिन करून बघा. एकदा कोड बदलल्या बदलल्या लगेच टाका, दुसऱ्यांदा गोल संपत आल्यावर टाका. ताजा चालतो आणि शिळा अडतो, तर फोन मागे पडलाय. ताजा अडतो आणि शिळा चालतो, तर फोन पुढे गेलाय. ही परीक्षा फरक ३० ते ६० सेकंदांच्या मधे असतानाच उपयोगी पडते. ६० च्या पुढे गेलं की काहीही चालत नाही.

काही सर्व्हर पुढचा कोड मान्यच करत नाहीत, फक्त आत्ताचा आणि मागचा घेतात. तिथे पुढे असलेला फोन अवघ्या पाच-सात सेकंदांच्या फरकावरही अधूनमधून अडतो, मागे पडलेला मात्र निभावून जातो. म्हणून त्याच फोनवरून एका ठिकाणी लॉगिन होतं आणि दुसरीकडे होत नाही, एवढ्यावरून घड्याळाला निर्दोष ठरवू नका.

आधी ठरवा: चूक कोणाच्या घड्याळाची

एकाच माणसाला त्रास होतोय की सगळ्यांना, हे विचारल्याशिवाय काहीही बदलू नका. सगळ्यांचेच कोड अडत असतील तर फोनांना हात लावू नका, सर्व्हरचं घड्याळ बघा. एकट्याचेच अडत असतील तर त्याचा फोन बघा.

फोनवर ब्राउझरमध्ये `time.is` उघडा. फोन किती सेकंद मागे किंवा पुढे आहे ते ते पान थेट सांगतं. स्टेटस बारमधलं घड्याळ बघून उपयोग नाही, तिथे सेकंद दिसत नाहीत आणि इथे सगळा खेळ सेकंदांचा आहे.

सर्व्हरवर:

```
timedatectl
chronyc tracking
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `System clock synchronized: yes` हवं. दुसरी आज्ञा क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा बसवलेली असेल तरच चालते. तिच्यात `System time` ही ओळ बघायची. तिथे सेकंदाच्या अगदी लहान अंशाएवढा फरक दिसला की सर्व्हर ठीक आहे.

बाहेर जाणारं यूडीपी पोर्ट १२३ बंद असेल तर वेळ जुळवणारी सेवा चालू दिसते, पण वेळ काही जुळत नाही. मग तपासायला हा ढोबळ मार्ग:

```
date -u; curl -sI https://www.google.com | grep -i ^date
```

दोन्ही ओळींत एक-दोन सेकंदांहून जास्त तफावत असेल तर सर्व्हरच चुकतोय.

फोन आणि सर्व्हर यांच्यातला नेमका फरक हवा असेल, तर किल्ली सर्व्हरवर आहेच. `oathtool` बसवा आणि ज्याला त्रास होतोय त्याच्याच खात्यातून हे चालवा:

```
head -n1 ~/.google_authenticator | oathtool --totp -b -N "4 minutes ago" -w 16 -
```

चार मिनिटांपूर्वीपासून चार मिनिटांनंतरपर्यंतचे सतरा कोड एकाखाली एक येतात. बरोबर मधला, म्हणजे नववा, आत्ताचा. त्याच क्षणी फोनवर दिसणारा कोड यादीत शोधा. तो सहाव्या ओळीत सापडला, तर फोन तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड मिनिट मागे आहे. अकराव्या ओळीत सापडला तर साधारण एक मिनिट पुढे. पायरी ३० सेकंदांची असल्याने हे माप जवळपास अर्ध्या मिनिटापर्यंत मागेपुढे असू शकतं, पण दोष ओळखायला पुरेसं आहे.

यादीत कोड मुळीच नसेल तर दोनच शक्यता उरतात. एक, फरक चार मिनिटांहून मोठा आहे. दोन, किल्लीच वेगळी आहे. कोणीतरी मधे `google-authenticator` पुन्हा चालवलं असेल तर सर्व्हरवर नवी किल्ली आणि फोनवर जुनी राहते, किंवा ॲपमध्ये एकाच नावाच्या दोन नोंदी असतात आणि चुकीची वाचली जाते. `time.is` फोन ठीक असल्याचं सांगत असेल आणि तरीही यादीत कोड नसेल, तर घड्याळाचा नाद सोडा आणि नवा क्यूआर कोड स्कॅन करा.

किल्ली आज्ञेत हाताने टाइप करू नका, म्हणून वर ती फाइलमधून थेट दिली आहे. टाइप केली तर ती शेलच्या इतिहासात राहते. आणि यादीतले कोड खरे आहेत, त्यामुळे त्या पडद्याचा फोटो कोणाला पाठवू नका.

फोन दुरुस्त करणं

अँड्रॉइडवर Settings → System → Date & time मध्ये जा. सॅमसंगवर हेच General management → Date and time मध्ये सापडतं. वेळ आपोआप ठरवण्याचा पर्याय बंद असेल तर चालू करा. आधीपासून चालू असेल तर बंद करून, वाय-फाय किंवा मोबाइल डेटा चालू असल्याची खात्री करून, पुन्हा चालू करा. टाइम झोनचा आपोआपचा पर्यायही चालू ठेवा. आयफोनवर Settings → General → Date & Time मध्ये Set Automatically असं एकच बटण आहे. ऑफिसने दिलेल्या फोनवर ते करडं दिसत असेल तर फोनचं व्यवस्थापन करणाऱ्यांकडूनच बदल होईल.

मग `time.is` पुन्हा उघडा. फरक एक-दोन सेकंदांच्या आत आला की फोनचं काम झालं. ॲप काढून पुन्हा टाकायची काही गरज नाही. उलट तसं केलं तर साठवलेल्या किल्ल्या जाण्याची भीती असते आणि साधी अडचण मोठी होऊन बसते.

पर्याय चालू आहे, नेट आहे, तरी वेळ सुधारत नाही असंही होतं. फोनला वेळ दोन वाटांनी मिळते: मोबाइल नेटवर्ककडून आणि इंटरनेटवरून. अँड्रॉइड १२ च्या आधीच्या फोनांत मोबाइल नेटवर्कने सांगितलेल्या वेळेला पहिला मान असतो, आणि तीच चुकीची आली तर फोन निमूटपणे ती धरून बसतो. एअरप्लेन मोड लावा, फक्त वाय-फाय चालू करा, आपोआप वेळेचा पर्याय बंद-चालू करा आणि पुन्हा मोजा. आता वेळ बरोबर आली तर दोष नेटवर्कच्या वेळेत होता. १२ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत मूळ क्रम उलटा आहे, इंटरनेटची वेळ आधी.

जुन्या लेखांत ऑथेंटिकेटरमधल्या Time correction for codes या पर्यायाचा सल्ला दिसतो. अँड्रॉइडवरच्या जुन्या आवृत्त्यांत तो होता. त्याने फोनचं घड्याळ बदलत नसे, फक्त कोड काढताना ॲप तेवढा फरक मनातल्या मनात मिळवत असे. तुमच्या आवृत्तीत तो दिसत नसेल तर शोधत बसू नका, फोनची वेळ सुधारली की तेच काम होतं.

घड्याळ बरोबर दिसतं आणि तरीही चूक असतं

यात सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण भिंतीवरचं घड्याळ आणि फोन दोन्ही सारखीच वेळ दाखवत असतात.

समजा, दुबईहून परतलेल्या माणसाच्या फोनवर टाइम झोनचा आपोआपचा पर्याय बंद आहे. तिथली वेळ यूटीसीच्या चार तास पुढे, आपली साडेपाच तास. मुंबईत उतरल्यावर फोन दीड तास मागे दिसतो. झोन बदलण्याऐवजी तो घड्याळच दीड तास पुढे करतो. आता फोनवर बरोबर भारतीय वेळ दिसते. पण फोनच्या लेखी तो अजून दुबईतच आहे, म्हणून त्याचा यूटीसी खऱ्यापेक्षा ५,४०० सेकंद पुढे गेला. ३० च्या हिशेबात १८० पायऱ्या. कोड यूटीसीवरून निघतो, पडद्यावर काय दिसतं याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे एकही कोड चालणार नाही.

याची खूण अशी की इथे कधी चालतो, कधी नाही असा प्रकार नसतो. ठरावीक दिवसापासून सगळंच बंद होतं आणि तो दिवस प्रवासाचा निघतो. Date & time मध्ये झोन कोणता लिहिलाय ते वाचा. `GMT+05:30` नसेल आणि माणूस भारतात असेल, तर दोष सापडला. आधी झोन नीट करा आणि मग वेळ. फक्त झोन बदलून थांबलात तर घड्याळ दीड तास पुढे दिसू लागेल. ते तसं दिसणंच बरोबर आहे, कारण आत्तापर्यंत झाकलेली चूक आता उघडी पडली.

उलट, झोन खरोखर दुसरा असणं हा दोष नाही. पुण्यातल्या सर्व्हरवर न्यू जर्सीतून लॉगिन करणाऱ्याचा फोन तिथल्या झोनवरच असायला हवा. कोड दोन्हीकडे तेच येतात.

आणखी एक आपल्याकडचा प्रकार. घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची सवय असते, म्हणजे लोकल चुकत नाही. तीच सवय काहीजण फोनलाही लावतात. पाच मिनिटं म्हणजे दहा पायऱ्या. पुढे पाहू त्या वाढीव सुटीतही हे बसत नाही. लोकल गाठायची असेल तर गजर पाच मिनिटं आधीचा लावावा, घड्याळ राहू द्यावं.

ड्रॉवरमधला जुना फोन

सुरक्षेसाठी सिम काढलेला, वाय-फाय बंद असलेला जुना फोन फक्त कोडसाठी वापरायची पद्धत काही ठिकाणी असते. कल्पना चांगली आहे, पण अशा फोनला वेळ सांगणारं कोणी नसतं. त्याचं घड्याळ चालतं ते आतल्या क्वार्ट्झ स्फटिकावर. असे स्फटिक सर्वसाधारणपणे दशलक्षात २० भागांपर्यंत चुकू शकतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर ते पावणेदोन सेकंद होतात, आणि महिन्याला सुमारे ५२. म्हणजे वाईटात वाईट स्फटिक अडीच-तीन आठवड्यांतच ३० सेकंदांची सूट खाऊन टाकतो. चांगला असेल तर काही महिने निघतात. वरची "आधी अधूनमधून, मग रोज" ही तक्रार नेमकी याच फोनांवर दिसते.

फोनला वाय-फाय द्यायचंच नाही असा नियम असेल, तर वेळ हाताने लावता येते, पण तिथे सेकंद निवडता येत नाहीत. अँड्रॉइडवर मिनिट निवडून ठीक दाबलं की सेकंद शून्यापासून सुरू होतात. म्हणून पुढचं मिनिट निवडून ठेवा, दुसऱ्या पडद्यावर `time.is` लावा, आणि तिथे सेकंद शून्यावर आले त्याच क्षणी दाबा. हात जरा मागेपुढे झाला तरी चूक एक सेकंदाच्या आसपास राहते. मिनिट नुसतं बघून दाबलं तर मात्र जवळपास ६० सेकंदांची चूक आपणच घालून ठेवतो. वेळ सुधारल्याचा दावा आणि कोड तरीही अडतोय, अशा प्रसंगी आधी हेच विचारावं.

सर्व्हरकडे बदल करावा का

दोन मार्ग आहेत आणि दोन्ही जपून वापरायचे.

पहिला म्हणजे सूट वाढवणं. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधल्या `.google_authenticator` फाइलमध्ये किल्लीच्या खाली ही ओळ असते किंवा घालता येते:

```
" WINDOW_SIZE 17
```

यामुळे आत्ताचा कोड, मागचे आठ आणि पुढचे आठ असे सतरा चालतात, म्हणजे दोन्हीकडे चार मिनिटं. फोन दुरुस्त होईपर्यंत काम अडू नये म्हणून हे ठीक. कायमचं ठेवू नये. एका वेळी तीनाऐवजी सतरा कोड वैध राहतात, आणि कोणाच्या खांद्यावरून वाचलेला कोड जेमतेम मिनिटभराऐवजी कित्येक मिनिटं जिवंत राहतो. शिवाय सरकणारं घड्याळ सरकतच राहतं, सूट वाढवून फक्त पुढचा महिना ढकलला जातो. `RATE_LIMIT` ची ओळ असेल तर ती तशीच राहू द्या.

दुसरा मार्ग आपोआप चालतो आणि तोच नंतर घोटाळा करतो. लागोपाठ तीन वेगवेगळे कोड एकाच फरकाने चुकलेले दिसले, तर हे मॉड्यूल तो फरक शिकून फाइलमध्ये लिहून ठेवतं. मुद्दाम शिकवायचं असेल तर प्रत्येक नव्या कोडची वाट बघत, एकही न गाळता, तीन वेळा लॉगिन करायचं. मग पुढचे कोड चालू लागतात आणि फाइलमध्ये अशी ओळ उमटते:

```
" TIME_SKEW -4
```

म्हणजे या माणसाचा फोन चार पायऱ्या, दोन मिनिटं, मागे आहे असं सर्व्हरने गृहीत धरलं. अडचण मिटली असं वाटतं. काही दिवसांनी कोणीतरी त्या फोनची वेळ नीट करतं, आणि त्या क्षणापासून सगळे कोड बंद. फोन अचूक, सर्व्हर अचूक, `time.is` वर फरक शून्य, आणि तरीही नकार. वेळ सुधारल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर हीच ओळ शोधा, काढून टाका, फाइल जतन करा. `RESETTING_TIME_SKEW` ने सुरू होणारी ओळ दिसली तर तीही काढा. ती म्हणजे शिकण्याचा अर्धवट राहिलेला प्रयत्न.

असं आपोआप शिकणं नकोच असेल तर `/etc/pam.d/sshd` मध्ये मॉड्यूलच्या ओळीला `noskewadj` जोडा:

```
auth required pam_google_authenticator.so noskewadj
```

ही फाइल बदलताना एक एसएसएच खिडकी लॉगिन केलेल्या अवस्थेत उघडी ठेवा आणि तपासणी दुसऱ्या खिडकीतून करा. ओळ चुकली तर उघड्या खिडकीतून मागे फिरता येतं.

सर्व्हरच चुकत असेल तर

वेळ जुळवणारी सेवा चालू करा, आणि क्रोनी असेल तर एका झटक्यात वेळ सरळ करा:

```
sudo timedatectl set-ntp true
sudo chronyc makestep
```

दोन प्रसंगी हा दोष हमखास येतो. एक, थांबवून ठेवलेलं किंवा जुन्या स्नॅपशॉटवरून उठवलेलं व्हर्च्युअल मशीन. दुसरा, घरी किंवा छोट्या ऑफिसात व्हीपीएनसाठी लावलेला रास्पबेरी पाय. चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेली की तो बंद पडल्याची वेळ धरून बसतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे मोजू लागतो. राउटर उठायला वेळ लागला, किंवा नेट आलंच नाही, तर दोन तासांच्या लोडशेडिंगनंतर तो दोन तास मागे असतो आणि त्याच्यावरून येणाऱ्या सगळ्यांचेच कोड नाकारतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते. जुन्या पायला `DS3231` हे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल जोडलं की काम भागतं.

भारतातल्या सर्व्हरला वेळ कुठून द्यायची असा प्रश्न असेल, तर भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा `time.nplindia.org` आणि एनआयसीचा `samay1.nic.in` हे दोन पत्ते `chrony.conf` मध्ये घालता येतात.

घड्याळासारखे दिसणारे दोन दोष

पहिला: एकच कोड दोनदा वापरणं. फाइलमध्ये `DISALLOW_REUSE` असेल तर एका खिडकीत चाललेला कोड त्याच ३० सेकंदांत दुसऱ्या खिडकीत चालत नाही. फाइल पाठवायची आणि लॉगिनही करायचं अशी घाई असली की हे होतं. नवा कोड येईपर्यंत थांबा.

दुसरा: `RATE_LIMIT 3 30`. तीस सेकंदांत तीनपेक्षा जास्त प्रयत्न केले की बरोबर कोडही नाकारला जातो. घड्याळाने अडलेला माणूस वैतागून भराभर कोड टाकतो आणि या दुसऱ्या जाळ्यात अडकतो. मग दुरुस्ती झाल्यावरही पहिला कोड अडतो आणि दुरुस्तीच फसली असं वाटतं. एक मिनिट काहीही न करता थांबून मगच तपासा.

फोन दूर आणि सर्व्हरही दूर, आत्ता लगेच आत जायचं असेल, तर बसवताना छापून आलेले आठ आकडी आपत्कालीन कोड याच वेळेसाठी असतात. त्यांचा घड्याळाशी काही संबंध नाही. `Verification code:` च्या पुढे सहा आकड्यांऐवजी तो टाकायचा. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि वापरला की फाइलमधून आपोआप निघून जातो, त्यामुळे किती उरलेत ते आत गेल्यावर मोजून घ्या.